वर्गाचं वेळापत्रक कागदावरून शीटमध्ये उतरवताना: तासिका, आद्याक्षरं आणि सुट्टी आपापल्या चौकटीत

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पहिले काही दिवस तात्पुरत्या वेळापत्रकावर निघतात. मग शिक्षक-खोलीत पक्कं वेळापत्रक लागतं. बहुतेक ठिकाणी ते अजूनही हातानेच आखलेलं असतं: मोठा कार्डशीट, स्केचपेनने ओढलेल्या रेघा, प्रत्येक चौकटीत विषय आणि त्याखाली शिक्षकांची आद्याक्षरं. ते संगणकावर उतरवायचं काम ऑफिसमधल्या कुणाकडे, नाहीतर टायपिंग येणाऱ्या एखाद्या तरुण शिक्षकाकडे येतं. दिसायला सोपं काम आहे, पण त्यात होणाऱ्या चुका उघड दिसत नाहीत. शब्द चुकला तर वाचणारा लगेच ओळखतो. बरोबर शब्द शेजारच्या चौकटीत गेला तर वेळापत्रक नीटनेटकंच दिसतं, आणि चूक कळते ती एका वर्गावर दोन शिक्षक येऊन उभे राहतात तेव्हा.

म्हणून या कामात चौकटीतल्या मजकुराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, चौकटीचा पत्ता महत्त्वाचा. पत्ता म्हणजे वार आणि तासिका क्रमांक. 'बुधवार, दुसरी' हे आधी ठरतं, तिथे काय आहे ते नंतर. मुंबईतल्या सकाळ सत्राच्या एका माध्यमिक शाळेतल्या इयत्ता नववी ब चं वेळापत्रक घेऊन पुढचं सगळं दाखवतो. आद्याक्षरं, वेळा आणि तासिकांची वाटणी उदाहरणापुरती ठरवलेली आहे. शीट गूगल शीट्समध्ये आहे, पण एक्सेलमध्येही पद्धत हीच.

आधी फोटो, आणि फोटोत काय काय यायला हवं

कागदासमोर बसून टाइप करता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर फोटो समोरून, कागदाच्या मध्याच्या उंचीवर मोबाईल धरून काढा. खालून तिरपा काढलेल्या फोटोत वरच्या ओळी चेपतात आणि मंगळवारची चौकट सोमवारची वाटू लागते. पावसाळ्यात दमट हवेने कार्डशीट फुगून वाकतो, त्यामुळे कडेच्या तासिका वेगळ्या जवळून काढाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आद्याक्षरांमधले टिंब आधी उडतात.

फोटोत तळाची पट्टीही यायलाच हवी. तिथे दोन गोष्टी असतात: आद्याक्षरं कुणाची त्याची यादी, आणि 'अमुक तारखेपासून लागू'. मुंबईत जागेअभावी एकाच खोलीत सकाळी एक वर्ग आणि दुपारी दुसरा वर्ग भरतो, त्यामुळे दोन सत्रांची वेळापत्रकं शेजारी-शेजारी लावलेली असतात. सत्राचं नाव फोटोत नसेल तर दुपारची पहिली तासिका सकाळच्या पहिलीत जायला वेळ लागत नाही.

एखाद्या चौकटीवर चिकटवलेली कागदाची पट्टी दिसली तर वरचं लागू धरायचं, पण हे वेळापत्रक करणाऱ्या सरांना किंवा बाईंना विचारून. पट्टी कधी कधी एका आठवड्याच्या बदली तासापुरती असते आणि काढायची राहून गेलेली असते.

रिकामा सांगाडा

मजकुराचं एक अक्षरही टाइप न करता आधी सगळ्या चौकटी तयार करायच्या. आमच्या उदाहरणातला सोमवार ते शुक्रवारचा दिवस असा आहे: ७:१० ला परिपाठ, ७:२५ पासून पस्तीस मिनिटांच्या तीन तासिका, ९:१० ला दहा मिनिटांची छोटी सुट्टी, मग चौथी-पाचवी, १०:३० ला वीस मिनिटांची मधली सुट्टी, मग सहावी, सातवी आणि १२:०० ते १२:३० अशी तीस मिनिटांची आठवी.

शीटमध्ये A रकान्यात वार, B मध्ये परिपाठ, C, D, E मध्ये पहिल्या तीन तासिका, F मध्ये छोटी सुट्टी, G आणि H मध्ये चौथी-पाचवी, I मध्ये मधली सुट्टी, आणि J, K, L मध्ये शेवटच्या तीन. दोन्ही सुट्ट्यांना आणि परिपाठाला स्वतःचा रकाना द्यायचाच. जागा वाचवायला सुट्टी गाळली की कागदावरचा सहावा खण आणि शीटचा सहावा खण वेगळे होतात, आणि पुढची प्रत्येक नजर एक घर चुकते.

पहिल्या ओळीत वर्ग, सत्र आणि लागू तारीख लिहा. दुसऱ्या ओळीत तासिका क्रमांक, तिसऱ्या ओळीत वेळ. चौथ्या ओळीपासून प्रत्येक वाराला दोन ओळी: वर विषय, खाली आद्याक्षरं. म्हणजे सोमवार ४-५, मंगळवार ६-७, बुधवार ८-९, गुरुवार १०-११, शुक्रवार १२-१३. विषय आणि आद्याक्षरं एकाच खणात कंसात लिहिण्याची सवय पुष्कळांना आहे. वाचायला ती बरी दिसते, पण नंतर मोजणी करताना नडते. दोन ओळींचा खर्च करावा.

वेळा टाइप करण्याआधी A1 पासून L18 पर्यंतचा भाग निवडून Format → Number → Plain text करा. नाहीतर 7.10 चं 7.1 होतं आणि 7-10 ची तारीख होऊन बसते. मात्र सगळी शीट प्लेन टेक्स्ट करू नका. पुढे बाजूला सूत्रं लिहायची आहेत, आणि प्लेन टेक्स्टच्या खणात सूत्र चालत नाही, जसंच्या तसं अक्षरांत दिसतं.

खण एकत्र करायचे, म्हणजे Merge, हे काम चालू असताना अजिबात नको. मर्ज केलं की डावीकडच्या वरच्या खणातला मजकूर तेवढा उरतो, बाकीचे खण मोजणीला रिकामे दिसतात. सुट्टीच्या रकान्यातही प्रत्येक वारासमोर 'सुट्टी' लिहा. कागदावर ही सुट्टी बहुधा उभी लिहिलेली असते: सोमवारसमोर 'म', मंगळवारसमोर 'ध', मग 'ली', 'सु', आणि शुक्रवारसमोर 'ट्टी'. पाच वार आणि पाच अक्षरं असा मेळ बसतो म्हणून लिहिणारे तसं लिहितात. उतरवणाऱ्याने यातलं एकही अक्षर खणात नेऊ नये. बुधवारसमोरचं 'ली' घाईत कुणाचं तरी आद्याक्षर म्हणून टाइप होऊ शकतं.

शनिवार वेगळा

शनिवारी शाळा लवकर सुटते. इथे तीस मिनिटांच्या सहा तासिका आहेत: ७:२५ पासून तीन, ८:५५ ला पंधरा मिनिटांची सुट्टी, ९:१० पासून उरलेल्या तीन, आणि १०:४० ला सुटते. मधली सुट्टी नाहीच. पण कागदावर शनिवारची ओळ त्याच आखणीत, शुक्रवारच्या खाली असते, आणि पाचवीनंतर लगेच सहावी लिहायची असल्याने ती नेमकी मधल्या सुट्टीच्या पट्टीखाली येते. जागा पाहून उतरवणारा ती I रकान्यात टाकतो. मग शनिवारी सहाव्या तासिकेला वर्ग मोकळा आणि सुट्टीत इतिहास, असं काहीतरी दिसतं.

म्हणून शनिवारसाठी खाली स्वतंत्र शीर्षक करा. पंधराव्या ओळीत तासिका क्रमांक, सोळाव्या ओळीत शनिवारच्या वेळा, सतरा-अठरा ओळींत विषय आणि आद्याक्षरं. सहावी मात्र J मध्येच ठेवा आणि I मध्ये आडवी रेघ '—' द्या. त्यामुळे J म्हणजे सहावी ही जोडी आठवडाभर तुटत नाही.

भरताना: एक वार डोळ्यांखाली

एका वेळी एकच वार भरा. कागदावर पट्टी ठेवून बाकीच्या ओळी झाका, आणि बोट ठेवून तासिका क्रमांक मोठ्याने म्हणत जा: 'बुधवार, पहिली, मराठी, स.जो.' विषयाआधी क्रमांक म्हणायचा.

हाच बुधवार कागदावर डावीकडून असा दिसतो. पहिल्या चौकटीत मराठी, स.जो. दुसरीत नुसतं '”' असं चिन्ह. मग एक रुंद चौकट, 'विज्ञान प्रयोग, कि.ना.', जी छोट्या सुट्टीच्या पट्टीवरूनच पलीकडे गेली आहे. मग बीजगणित, वि.पा. मग उभ्या पट्टीतलं 'ली'. मग तिरकी रेघ मारलेली चौकट, एका बाजूला हिं, दुसऱ्या बाजूला सं. मग भूगोल, आणि शेवटी शा.शि.

रुंद चौकट ही जोड तासिका आहे. प्रयोगशाळेत नेऊन आणायला पस्तीस मिनिटं पुरत नाहीत, म्हणून तिसरी आणि चौथी मिळून प्रयोग ठेवलेला असतो. चौकट पट्टीवरून गेली म्हणून सुट्टी रद्द होत नाही. घंटा सगळ्या शाळेला होते आणि मुलं डबा खाऊन परत प्रयोगशाळेत येतात. पण एक चौकट म्हणजे एक तासिका असं धरून कुणी मोजलं, तर तिसरी विज्ञान, चौथी बीजगणित, पाचवी हिंदी-संस्कृत अशी रांग सरकते आणि आठवी रिकामी राहते. ओळ शेवटी अपुरी पडली की समजावं, आधी कुठेतरी रुंद चौकट होती. दुसऱ्या बाजूनेही मोजून पाहावं: आठवी शा.शि., सातवी भूगोल, सहावी हिंदी-संस्कृत, पाचवी बीजगणित. दोन्हीकडून येऊन मध्ये दोन खण उरतात, तीच जोड तासिका. ती E आणि G मध्ये दोनदा लिहायची, F मध्ये सुट्टी तशीच.

तिरक्या रेघेची चौकट म्हणजे वर्गाचे दोन गट: काही मुलं हिंदीला बसतात, काही संस्कृतला दुसऱ्या खोलीत जातात. आद्याक्षरंही दोन असतात. विषयांचा जो क्रम, तोच आद्याक्षरांचा ठेवायचा: वर 'हिंदी / संस्कृत', खाली 'मे.शि. / अ.भा.'. कागदावर जागेच्या सोयीने आद्याक्षरं उलटी लिहिलेली असू शकतात, त्यामुळे तळाच्या यादीत मे.शि. कोणता विषय शिकवतात ते पाहूनच जोडी लावा. आणि ही जोडी आठवडाभर एकाच तऱ्हेने लिहा. एकदा 'हिंदी / संस्कृत' आणि एकदा 'हिं/सं' असं झालं की मोजणीत ते दोन वेगळे विषय होतात.

आता दुसऱ्या खणातलं '”'. याचा अर्थ 'वरच्यासारखंच' की 'डावीकडच्यासारखंच'? वह्यांमध्ये हे चिन्ह वरच्या ओळीसाठी वापरतात, आणि वर मंगळवारची दुसरी तासिका आहे, इंग्रजी. पण काही जण ते सलग तासासाठीही वापरतात, आणि शेजारी मराठी आहे. अंदाज करू नका. खणात 'इंग्रजी ??' लिहून पुढे जा. हे कोडं सोडवायला पुढे मोजणी आहे.

बुधवारची भरलेली ओळ आता अशी होते:

| | १ | २ | ३ | छोटी | ४ | ५ | मधली | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| विषय | मराठी | इंग्रजी ?? | विज्ञान प्रयोग | सुट्टी | विज्ञान प्रयोग | बीजगणित | सुट्टी | हिंदी / संस्कृत | भूगोल | शा.शि. |
| शिक्षक | स.जो. | ?? | कि.ना. | — | कि.ना. | वि.पा. | — | मे.शि. / अ.भा. | ?? | दि.मो. |

रिकामा खण कुठेच ठेवायचा नाही, हा नियम मी फार कडक पाळतो. खरोखर काही नसेल तर '—', शिक्षकांचा ऑफ तास म्हणून लिहिलं असेल तर 'ऑफ', वाचता येत नसेल तर '??'. रिकाम्या खणावरून राहून गेलं की मुळातच नव्हतं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आद्याक्षरं

भूगोलाखालची '??' आद्याक्षरांमुळे आली. कागदावर 'म.को.' आहे की 'भ.को.' हे स्केचपेनच्या फटकाऱ्यात कळत नाही. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'ब' आणि 'व' या जोड्या हस्ताक्षरात सगळ्यात जास्त फसवतात. अशा वेळी तळाची यादी पाहा. यादीत म.को. गणिताचे आणि भ.को. भूगोलाचे असतील तर प्रश्न मिटला. दोघेही भूगोल घेत असतील तर त्याच शिक्षकाचं दुसऱ्या वर्गातलं बुधवारचं सातवं घर पाहा. त्या वेळी म.को. दहावी अ वर असतील तर इथे भ.को.च.

दोन शिक्षकांची आद्याक्षरं तंतोतंत सारखी असली तर कागदावर बहुधा एकाखाली रेघ किंवा पुढे १, २ असा आकडा असतो. ती रेघ शीटमध्ये उतरत नाही, म्हणून आकडा लिहा: स.जो.१, स.जो.२. आणि आद्याक्षरांवरून पूर्ण नाव आपल्या मनाने लिहू नका. वेगळ्या पानावर यादी ठेवा, मुख्य शीटमध्ये कागदावर जे आहे तेच.

टिंबांबाबत एकच पद्धत ठरवा. 'स.जो.', 'स जो' आणि 'स. जो.' हे माणसाला एकच, शीटला तीन. म्हणून आद्याक्षरांची यादी एकदा नीट टाइप करून Data → Data validation मधून खणांना जोडा आणि प्रत्येक वेळी यादीतूनच निवडा. '—', 'ऑफ', '??' आणि दोन गटांच्या जोड्याही त्याच यादीत घाला. विषयांनाही हेच करावं. सुरुवातीला दहा मिनिटं जातात, पण पुढची मोजणी त्यावरच उभी आहे.

मोजणी: चूक पकडण्याची खरी जागा

सोमवार ते शुक्रवार आठ-आठ आणि शनिवारी सहा, म्हणजे आठवड्याला ४६ तासिका. प्रत्येक विषयाला किती, हे कार्यभाराच्या तक्त्यात असतं. तो तक्ता मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षकांकडून मागून घ्या. आमच्या नववी ब चा असा: मराठी ६, हिंदी/संस्कृत ६, इंग्रजी ६, बीजगणित ४, भूमिती ४, विज्ञान ५ आणि विज्ञान प्रयोग २, इतिहास-राज्यशास्त्र ३, भूगोल ३, शा.शि. ३, संगणक २, जलसुरक्षा १, स्व-विकास १. बेरीज ४६.

N रकान्यात चौथ्या ओळीपासून विषयांची नावं लिहा, P मध्ये तक्त्यातला आकडा, आणि O मध्ये हे सूत्र घालून खाली ओढा:

```
=COUNTIF($C$4:$L$18,N4)
```

संपूर्ण नावच शोधा. 'ग' असलेलं काहीही मोज, अशा अर्थाने `"*ग*"` लिहिलं तर बीजगणितासोबत भूगोल आणि संगणकही मोजले जातात.

आता बुधवारच्या '”' कडे परत. 'इंग्रजी ??' हा खण कुठल्याच विषयात मोजला जात नाही, म्हणून बेरीज ४५ येते आणि इंग्रजी ५ दिसतं, मराठी ६. मराठीचा कोटा पूर्ण भरलेला आहे, इंग्रजीला एक कमी आहे. म्हणजे ते चिन्ह वरच्या ओळीचंच, मंगळवारसारखं इंग्रजी. 'मराठी' टाइप करून मोकळं झालो असतो तर बेरीज ४६ च आली असती. नुसती एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नये ते याचसाठी. विषयवार आकड्यांत मात्र मराठी ७, इंग्रजी ५ असं लगेच दिसलं असतं.

मोजणीलाही एक मर्यादा आहे. एकाच दिवशी दोन विषयांची अदलाबदल झाली, किंवा अख्खा मंगळवार बुधवारच्या जागी गेला, तर विषयवार आकडे अगदी बरोबर येतात. ही चूक पकडायला दुसऱ्या वर्गाचं वेळापत्रक लागतं.

दोन वर्ग एकमेकांवर ठेवून

प्रत्येक वर्गाची शीट याच सांगाड्यावर केली असेल तर बुधवारची दुसरी तासिका प्रत्येक शीटमध्ये D8-D9 मध्येच असणार. नववी अ आणि नववी ब अशा दोन शीट '9अ' आणि '9ब' नावाने असतील, तर तिसऱ्या कोऱ्या शीटच्या D9 मध्ये हे लिहा आणि तेच सूत्र आद्याक्षरांच्या बाकी ओळींत चिकटवा:

```
=IF('9अ'!D9='9ब'!D9,"तपासा","")
```

आद्याक्षरांच्या ओळी ५, ७, ९, ११, १३ आणि १८. सुट्टीचे F आणि I, परिपाठाचा B, आणि शनिवारच्या अठराव्या ओळीतले K आणि L, सोडून द्या. तिथे दोन्हीकडे '—' असतं, त्यामुळे 'तपासा' येणारच.

'तपासा' आलं म्हणजे एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांवर दिसतोय. एखादा खण एकटाच आला तर बहुधा आद्याक्षर चुकलं आहे. एका ओळीत ओळीने तीन-चार आले तर ओळच एक घर सरकली आहे, जोड तासिका किंवा सुट्टी शोधा. आणि एका वारात विखुरलेले बरेच आले तर दोन वारांची ओळ बदलली गेली आहे. मात्र प्रत्येक 'तपासा' ही चूक नसते. नववी अ आणि ब ची हिंदीची मुलं एकत्र आणि संस्कृतची मुलं एकत्र बसत असतील तर 'मे.शि. / अ.भा.' दोन्हीकडे असणं बरोबर आहे. शा.शि. साठीही दोन तुकड्या एकत्र मैदानावर जातात, विशेषतः जिथे मैदान एकच आणि छोटं आहे. अशा खणांना हलका रंग द्या, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा शंका येणार नाही.

वेळापत्रक ज्यांना लागू होतं त्यांच्याकडूनही एक तपासणी होते. विरार किंवा कल्याणहून येणाऱ्या शिक्षकांना काही शाळा समजुतीने पहिली तासिका देत नाहीत. सरकलेल्या ओळीत अशा शिक्षकांचं नाव ७:२५ ला येतं, आणि वेळापत्रक करणाऱ्या बाई ते नुसतं पाहूनच 'हे कसं?' विचारतात. त्यामुळे शीट छापण्याआधी त्यांना पहिली आणि शेवटची तासिका तरी दाखवून घ्या.

छापताना

उरलेल्या सगळ्या '??' सोडवून झाल्या का, हे Ctrl+F ने शोधा. शोधाच्या चौकटीत ?? टाइप केलं की गूगल शीट्समध्ये ते साधं अक्षर म्हणूनच शोधलं जातं. एक्सेलमध्ये ? म्हणजे 'कुठलंही अक्षर', त्यामुळे तिथे `~?~?` लिहावं लागतं.

मग शीटची प्रत काढा आणि प्रतीतच सजावट करा: जोड तासिका, उभी 'मधली सुट्टी', मोठी अक्षरं, हवे तर मर्जही. मूळ शीट मर्ज न करता ठेवा, कारण दिवाळीच्या सुट्टीनंतर बदल येतात तेव्हा मोजणी तिच्यावरच होते. ए-फोर आडवं, शनिवारचं शीर्षक त्याच पानावर, आणि वर सत्र व लागू तारीख. मूळ कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, शीटच्याच नावाने. कुणी शंका काढली तर खण आणि चौकट शेजारी ठेवून दाखवता येते.